रक्ताची गुठळी राखणारे औषध: ट्रानेक्सामिक ॲसिड कुठे चालते आणि कुठे चालत नाही

प्रश्न: माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर खूप रक्त गेलं, तेव्हा तिला ट्रानेक्सामिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं. माझी पाळी जास्त जाते म्हणून मला त्याच नावाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. पण काकांना काळी शौच होऊन रक्त कमी झालं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की त्यांना याचा उपयोग नाही. रक्त थांबवायचं औषध एकाला चालतं आणि दुसऱ्याला नाही, असं का? आणि याने रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याची भीती असते का?

उत्तर:

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि गेली बरीच वर्षे प्रसूतिगृहांत व तालुक्याच्या ठिकाणच्या शस्त्रक्रियागृहांत हे औषध वापरत आले आहे. हे ‘रक्त थांबवायचे औषध’ आहे, हा समज आधी थोडा दुरुस्त करावा लागेल, कारण तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरे तिथेच आहेत. ट्रानेक्सामिक ॲसिड रक्त गोठवत नाही. शरीराने स्वतः तयार केलेली गुठळी अवेळी विरघळू नये, एवढेच काम ते करते. जिथे रक्तस्रावाचे कारण गुठळीचे हे अकाली विरघळणे असते, किंवा निदान त्यात त्याचा मोठा वाटा असतो, तिथे ते उपयोगी पडते. जिथे रक्त वेगळ्याच कारणाने जात असते, तिथे ते जवळजवळ काहीच करत नाही.

रक्तवाहिनी फाटली की तिथे आधी प्लेटलेट चिकटतात आणि मग त्यांच्यावर फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात. या जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि भोक बुजते. पण हे ठिगळ कायमचे नसते. जखम भरली की ते काढून टाकण्याची सोय शरीराने आधीच करून ठेवलेली असते आणि तिची सुरुवात गुठळी बनतानाच होते. रक्तात प्लास्मिनोजेन नावाचे एक निद्रिस्त प्रथिन सतत फिरत असते. ते जागे झाले की त्याचे प्लास्मिन होते, आणि प्लास्मिन फायब्रिनचे धागे कात्रीसारखे कापत सुटते. मात्र प्लास्मिनोजेन रक्तात मोकळे फिरताना सहसा जागे होत नाही. त्याला आधी फायब्रिनच्या धाग्यावर बसावे लागते. त्या धाग्यावर त्याला जागे करणारा टीपीए हा पदार्थही येऊन बसतो, आणि दोघे शेजारी आले की काम पटकन होते.

धाग्यावर बसायला प्लास्मिनोजेनला पकड लागते. त्याच्या अंगावर लहान लहान वेटोळी असतात. त्या वेटोळ्यांत खाचा असतात आणि फायब्रिनवरचे लायसिन नावाचे अमिनो आम्ल त्या खाचांत अडकते. खुंटीला पिशवी अडकवावी तसा हा प्रकार आहे. प्लास्मिनने धागे कापायला सुरुवात केली की कापलेल्या टोकांवर लायसिनच्या आणखी खुंट्या उघड्या पडतात, त्यांवर आणखी प्लास्मिनोजेन येऊन बसते, आणि विरघळण्याचा वेग आपोआप वाढत जातो. ट्रानेक्सामिक ॲसिडचा रेणू लायसिनशी मिळताजुळता आहे. तो प्लास्मिनोजेनच्या खाचांत आधीच जाऊन बसतो. खाच भरलेली असली की प्लास्मिनोजेनला फायब्रिनवर पकड मिळत नाही, आणि कात्री धाग्यापर्यंत पोचतच नाही. या सगळ्यात गुठळी बनवणाऱ्या यंत्रणेला औषधाने हातही लावलेला नसतो. नवे फायब्रिन बनत नाही, प्लेटलेट वाढत नाहीत, रक्त ‘घट्ट’ होत नाही.

म्हणूनच जिथे राखण्यासारखी गुठळीच नाही, तिथे हे औषध निरुपयोगी ठरते. आपल्याकडचे स्पष्ट उदाहरण घोणस आणि फुरसे यांच्या दंशाचे आहे. या सापांच्या विषाने रक्तातले फायब्रिनोजेन, म्हणजे धाग्यांचा कच्चा मालच, खर्ची पडतो. अशा रुग्णाचे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवले तरी गोठत नाही. तिथे सर्पविषावरची लस हाच उपचार आहे. हिरड्यांतून रक्त येते आहे म्हणून ट्रानेक्सामिकची सुई देत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

आता तुमच्या बहिणीकडे वळते, कारण या औषधाचा सर्वांत मोलाचा उपयोग मला तिथे दिसतो. जपानमधील उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने 1962 साली हे औषध जगापुढे आणले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू टाळता यावेत, हा हेतू त्यांच्या मनात होता. त्या कारणासाठी त्याची मोठी चाचणी व्हायला मात्र पन्नासहून अधिक वर्षे गेली. ‘वुमन’ या नावाच्या चाचणीचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. उताको ओकामोतो त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

त्या चाचणीत 21 देशांतील 20,060 स्त्रिया होत्या. ज्यांना प्रसूतीपासून 3 तासांच्या आत औषध मिळाले, त्यांच्यात रक्तस्रावाने मृत्यू होण्याचे प्रमाण 1.2 टक्के होते, आणि ज्यांना औषधाऐवजी नुसते खारे पाणी मिळाले त्यांच्यात 1.7 टक्के. हजार स्त्रियांमागे सतराऐवजी बारा मृत्यू, असा त्याचा अर्थ होतो. तीन तास उलटल्यावर दिलेल्या औषधाचा फायदा दिसला नाही. गर्भाशय काढून टाकण्याची वेळ येण्याचे प्रमाणही औषधाने कमी झाले नाही. त्याचे एक कारण असे की अनेक ठिकाणी तो निर्णय औषध द्यायच्या आधी किंवा त्याच सुमाराला झालेला होता.

अपघातातील जखमींवरच्या ‘क्रॅश-2’ या 2010 मधील चाचणीत वेळेचा हा प्रश्न आणखी तीव्रपणे समोर आला होता. तिच्यात 20,211 जखमी होते. दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटले, एक ते तीन तासांत मिळालेल्यांमध्ये सुमारे एक पंचमांशाने घटले, आणि तीन तासांनंतर मिळालेल्यांमध्ये मात्र ते चक्क वाढलेले आढळले. दोन्ही चाचण्यांतील रुग्ण एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात असे दिसले की उपचाराला होणाऱ्या दर 15 मिनिटांच्या उशिराने फायदा सुमारे एक दशांशाने कमी होत जातो.

हे तीन तास आले कुठून, असे मला परिचारिका नेहमी विचारतात. मोठी दुखापत झाली किंवा वार सुटली, की इजा झालेल्या ऊतींतून टीपीए भरभरून रक्तात येते. त्याचा जोर पहिल्या तासाभरातच सर्वाधिक असतो. म्हणजे गुठळी बनण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच वेळी तिला कापणारी कात्रीही सर्वांत वेगाने चालत असते. नंतर शरीर त्यावर उलटा उपाय करते. काही तासांनी टीपीएला आवरणारे दुसरे प्रथिन वाढते आणि गुठळ्या विरघळणे जवळजवळ थांबते. त्या टप्प्यावर कात्री अडवणारे औषध देऊन काही साधत नाही. उशिरा दिल्याने अपाय का व्हावा, याचे एक स्पष्टीकरण प्रयोगशाळेतून मिळते. ट्रानेक्सामिकने खाचा भरल्या की प्लास्मिनोजेनची घडी उलगडते, आणि पुढच्या टप्प्यात वाढणारा युरोकायनेज हा दुसरा चेतवणारा पदार्थ, ज्याला फायब्रिनची गरज लागत नाही, अशा उलगडलेल्या प्लास्मिनोजेनला अधिक सहज जागे करतो. रुग्णाच्या शरीरात यातले किती घडते हा वेगळा विषय आहे, परंतु आमच्या रोजच्या कामासाठी अर्थ एकच निघतो: द्यायचे तर लवकर द्या.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये दिलेली पद्धत सोपी आहे. प्रसूतीनंतर जास्त रक्तस्राव होत आहे असे ठरताच, आणि प्रसूतीपासून 3 तासांच्या आत, 1 ग्रॅम औषध शिरेतून 10 मिनिटांत द्यायचे. अर्ध्या तासानंतरही रक्त चालू असेल, किंवा थांबून 24 तासांत पुन्हा सुरू झाले, तर आणखी 1 ग्रॅम द्यायचे. आपल्याकडे अँप्यूल बहुधा 5 मिलिलिटरचे असते आणि त्यात 500 मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे दोन अँप्यूल, एकूण 10 मिलिलिटर, मिनिटाला एक मिलिलिटर या गतीने. घाईत हे एका दमात ढकलले तर रुग्णाला मळमळते, गरगरते आणि रक्तदाब खाली येतो. ज्या बाईचे रक्त जात आहे तिचा रक्तदाब औषधाने पडला की रक्ताने पडला हे मग कळेनासे होते. म्हणून मी स्वतः घड्याळाकडे बघत देते, किंवा 100 मिलिलिटरच्या सलाईनमध्ये घालून सोडते.

एक प्रसंग सांगते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दुसऱ्या खेपेची बाळंतीण, पहाटे 2 वाजून 5 मिनिटांनी मुलगी झाली. बाळ होताच गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनची सुई दिली गेली आणि 2.15 ला वार पूर्ण पडली. खाली रक्त मोजण्याची खुणांची पिशवी लावलेली होती. (अशी पिशवी बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधनातून पुढे आली, आणि नजरेच्या अंदाजाने अर्धे रक्त हिशेबातून सुटते ही जुनी खोड तिने मोडली.) 2.25 ला पिशवीत 550 मिलिलिटर रक्त होते आणि गर्भाशय हाताला पिठाच्या गोळ्यासारखे सैल लागत होते. ड्यूटीवरच्या परिचारिकेने एका हाताने गर्भाशय चोळायला घेतले, दुसरीने सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू केले, मूत्राशय रिकामे केले, आणि 2.32 ते 2.42 या दहा मिनिटांत ट्रानेक्सामिकचा 1 ग्रॅम दिला. कोणाचीही वाट न पाहता हे तिने सुरू केले, ही त्या रात्रीची सर्वांत चांगली गोष्ट होती.

मी पोचले तेव्हा 2.50 झाले होते. गर्भाशय आता नारळासारखे कडक लागत होते, पण लालभडक रक्ताची बारीक धार थांबलेली नव्हती आणि पिशवीतला आकडा 950 वर गेला होता. गर्भाशय आवळले आहे, वार पूर्ण आली आहे, आणि तरीही ताजे लाल रक्त सतत वाहत आहे, याचा अर्थ बहुतेक वेळा कुठेतरी फाटले आहे असा असतो. चांगल्या उजेडात पाहिल्यावर गर्भाशयाच्या मुखाला, घड्याळातल्या तीनच्या जागी, चीर सापडली. भूल देऊन टाके घालेपर्यंत 3.05 झाले. त्याच वेळी तिचे 5 मिलिलिटर रक्त काचेच्या साध्या नळीत घेऊन मी ती मुठीत धरली होती. सहाव्या मिनिटाला गुठळी झाली आणि नळी कलती केल्यावरही फुटली नाही. ती सात मिनिटांत झालीच नसती, किंवा होऊन लगेच विस्कटली असती, तर फायब्रिनोजेन संपत आल्याचा तो इशारा ठरला असता, आणि मग ट्रानेक्सामिकच्या मात्रा वाढवण्याऐवजी मी फायब्रिनोजेन भरून काढणारे रक्तघटक, म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट किंवा प्लाझ्मा, मागवले असते. पहिल्या मात्रेला अर्धा तास होऊन गेला तेव्हाही टाक्यांच्या छिद्रांतून झिरपणे चालू होते, म्हणून 3.15 ला दुसरा ग्रॅम सुरू केला. एकूण सुमारे 1300 मिलिलिटर रक्त गेले, दोन पिशव्या रक्त द्यावे लागले आणि बाई घरी गेली.

औषधाने तिला वाचवले असे मी म्हणणार नाही, कारण एका रुग्णावरून ते सांगता येत नाही. पण कामाची वाटणी इथे नीट दिसते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असते. वारेच्या जागी उघड्या पडलेल्या वाहिन्या मिटवण्याचे मुख्य काम गर्भाशयाच्या स्नायूंनी आवळूनच करायचे असते, आणि त्यासाठी चोळणे आणि ऑक्सिटोसिन. चिरेला टाकेच लागतात. ट्रानेक्सामिक यांपैकी एकही काम करत नाही. आवळलेल्या वाहिन्यांच्या तोंडाशी आणि टाक्यांच्या कडेला जी गुठळी बसली ती टिकवून धरणे, एवढाच त्याचा वाटा. आमच्या क्षेत्रात होणारी चूक नेमकी उलट्या टोकांची असते. कुणी ते शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतो आणि तीन तास निघून जातात. कुणी सुई देऊन निर्धास्त होतो आणि फाटलेली जागा शोधतच नाही.

रक्तस्राव होण्याआधीच प्रत्येक बाळंतिणीला ते देऊन ठेवावे का, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न आहे. ॲनिमिया असलेल्या सुमारे 15,000 स्त्रियांवर, नैसर्गिक प्रसूतीनंतर, ही कल्पना तपासून पाहण्यात आली. निष्कर्ष 2023 मध्ये आले, आणि जास्त रक्तस्राव होण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्या व न घेणाऱ्या गटांत जवळजवळ सारखेच निघाले. त्यामुळे सरसकट सगळ्यांना देण्याच्या मी विरुद्ध आहे.

तुमच्या काकांची गोष्ट निराळी आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे योग्य होते. काळी, डांबरासारखी शौच म्हणजे रक्त जठरातून किंवा आतड्याच्या वरच्या भागातून येत आहे. तिथे सहसा एखाद्या अल्सरच्या तळाशी धमनी उघडी पडलेली असते किंवा यकृताच्या आजारात अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटलेल्या असतात. दाबाखाली वाहणारे हे रक्त एंडोस्कोपीतून क्लिप लावून, सुई देऊन किंवा शिरा बांधूनच थांबते. पूर्वी लहान लहान अभ्यासांवरून असे वाटत होते की ट्रानेक्सामिकने इथेही मृत्यू बरेच घटतील, आणि आम्हीही ते देत असू. मग ‘हाल्ट-इट’ या चाचणीत 12,009 रुग्णांवर ते नीट तपासले गेले. 2020 मधील निष्कर्ष असा की रक्तस्रावाने होणारे मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, सुमारे 4 टक्के. उलट शिरांत गुठळी होण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत 0.8 टक्के आणि न घेणाऱ्यांत 0.4 टक्के होते, आणि आकडीचे झटकेही किंचित जास्त आले. या रुग्णांना 24 तास चालणारी मोठी मात्रा दिली होती, बहुतेक जण रक्त जाऊ लागल्यावर बऱ्याच तासांनी पोचले होते, आणि अनेकांचे यकृत आधीच खराब होते. वर सांगितलेले वेळेचे गणित लक्षात घेतले तर हा निकाल फारसा आश्चर्याचा वाटत नाही. लहान अभ्यासांवर विसंबून आम्ही जे देत होतो ते थांबवले, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियांमध्ये मात्र हे औषध चांगले रुळले आहे, कारण तिथे जखम कधी होणार हे आधीच माहीत असते आणि वेळ आपल्या हातात असतो. गुडघा किंवा खुबा बदलताना आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत त्याने रक्त देण्याची गरज कमी होते. दात काढल्यावर, विशेषतः हिमोफिलिया असलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना, याच औषधाच्या द्रावाने चूळ भरायला देतात. लाळेत गुठळी विरघळवणारे घटक असतात, म्हणून ही युक्ती तोंडात चांगली चालते.

आता तुमच्या गोळ्या. ज्यांची पाळी जास्त जाते अशा अनेक स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात गुठळी विरघळवणाऱ्या पदार्थांचा जोर नेहमीपेक्षा अधिक आढळतो, म्हणजे बाळंतपणात तासाभरात जे घडते त्याचेच लहान रूप इथे दर महिन्याला घडत असते. म्हणून गोळी इथे लागू पडते. नेहमीची मात्रा 1 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा, आणि तीही फक्त जास्त रक्त जाते त्या दिवसांत, साधारण चार दिवसांपर्यंत. औषध रक्तातून दोन-तीन तासांत निम्मे होते, म्हणून ते तीनदा घ्यावे लागते. ‘रात्री एकच घेतली तरी चालेल’ हा शेजारणीचा सल्ला मानू नये. रक्तस्राव साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने कमी होतो. पाळी बंद होत नाही, तिची तारीख बदलत नाही आणि दुखणे थांबत नाही. दुखण्यासाठी काही गोळ्यांत मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेले असते, तेव्हा पाकिटावरचे नाव पाहून घ्या. सणावाराला पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या घेतात त्या नॉरएथिस्टेरॉनच्या, म्हणजे संप्रेरकाच्या असतात. या गोळ्यांशी त्यांचा संबंध नाही, तरी औषधाच्या दुकानात दोन्हींची गल्लत झालेली मी पाहिली आहे. तीन पाळ्यांत फरक पडला नाही तर गोळी वाढवण्यापेक्षा सोनोग्राफी करून गाठ किंवा पॉलिप आहे का ते पाहावे. चाळिशीनंतर नव्याने रक्तस्राव वाढला असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल तर तपासणी आधी. आणि आजवर गेलेल्या रक्ताची भरपाई गोळी करत नाही. हिमोग्लोबिन तपासून लोह घ्यावेच लागते.

गुठळीची भीती किती खरी? वुमन आणि क्रॅश-2 या दोन्ही चाचण्यांत, कमी मात्रेत आणि थोडा वेळ दिलेल्या औषधाने पायाच्या किंवा फुप्फुसाच्या गुठळ्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. औषध गुठळी बनवत नाही, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. पण आधीच नको तिथे झालेली गुठळीही ते राखून ठेवते, हे विसरून चालत नाही. म्हणून ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात सध्या गुठळी आहे किंवा पूर्वी होऊन गेली आहे, त्यांनी ते डॉक्टरांशी स्पष्ट बोलल्याशिवाय घेऊ नये. एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते जरूर सांगा, कारण त्यांचा गुठळीचा धोका स्वतंत्र असतो. एक पोटरी सुजून दुखू लागणे, अचानक धाप लागणे किंवा दृष्टीत बदल होणे, यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवावे. औषध जवळजवळ सगळे लघवीवाटे बाहेर जाते, म्हणून मूत्रपिंडे अधू असतील तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर ते साठून झटके येऊ शकतात. मूत्रपिंडातूनच रक्त येत असेल तर ते शक्यतो टाळतात, कारण न विरघळणारी गुठळी मूत्रवाहिनीत अडकून बसते आणि खडा अडकल्यासारख्या कळा येतात.

गुठळीपेक्षा मला स्वतःला अधिक धास्ती आहे ती चुकीच्या जागी दिले जाण्याची. सिझेरियनला कमरेतून जी भूल देतात, तिचे ब्युपिव्हॅकेनचे अँप्यूल आणि ट्रानेक्सामिकचे अँप्यूल कधी कधी अगदी सारखे दिसतात. मणक्यात ट्रानेक्सामिक गेले तर ते मज्जारज्जूतील आवर घालणारे संदेश अडवते. भूल येण्याऐवजी रुग्णाला काही मिनिटांत कमरेत आणि नितंबांत आग होते, पाय झटके देऊ लागतात, मग आकडी येते आणि हृदयाचा ठोका बिघडतो. नोंदल्या गेलेल्या अशा घटनांत जवळजवळ निम्मे रुग्ण दगावले आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये याबद्दल खास इशारा दिला.

माझ्या हातूनही हे एकदा होता होता राहिले. एका लहान रुग्णालयात भुलेच्या ट्रेमध्ये दोन्ही अँप्यूल शेजारी ठेवलेली होती, आणि मदतनिसाने पुढे केलेले अँप्यूल मी फोडलेही होते. सिरिंजमध्ये ओढताना ते 5 मिलिलिटरचे आहे हे लक्षात आले. तिथले कमरेच्या भुलेचे अँप्यूल 4 मिलिलिटरचे असे. तो एक मिलिलिटरचा फरक नसता तर काय झाले असते, याचा विचार अजूनही नकोसा वाटतो. तेव्हापासून कमरेच्या भुलेचे अँप्यूल मी स्वतः उचलते आणि त्यावरचे नाव मोठ्याने वाचूनच फोडते. ट्रानेक्सामिक भुलेच्या ट्रॉलीवर ठेवू देत नाही. ते प्रसूतीच्या आणीबाणीच्या डब्यात, ऑक्सिटोसिनपासूनही वेगळ्या कप्प्यात असते, आणि बाळ बाहेर आल्यावर गरज पडली तरच मागवले जाते.